सीए-१२५ च्या दोन रिपोर्टमधल्या फरकाबद्दल लॅबचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (१ स्टार): "आईच्या ओव्हरीच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालंय. ऑपरेशनआधी रक्तातला सीए-१२५ ६८० होता, नंतर आमच्या नेहमीच्या लॅबमध्ये २४ आला. यावेळी जवळ पडते म्हणून इथे केला तर ३८, तोही ठळक अक्षरात! सगळं घर रडकुंडीला आलं. चार दिवसांनी जुन्या लॅबमध्ये केला, २६. मशीन बिघडलंय की नुसते पैसे उकळता? बायकोचीही हीच टेस्ट करायची म्हटलं तर काउंटरवरची मुलगी उलट प्रश्न विचारत बसली."

लॅबकडून उत्तर:

नमस्कार सर. घरच्यांना झालेल्या मनस्तापाबद्दल मनापासून दिलगीर आहोत. रुग्णाची फाइल इथे उघड करता येत नाही, म्हणून तुम्हीच लिहिलेल्या आकड्यांपुरतं बोलतो. मशीनबद्दलचा आरोप मात्र तसाच सोडून देता येत नाही. तो वाचून उद्या लोक यायचे थांबतील.

टेस्ट लावण्याआधी रोज कमी आणि जास्त अशा दोन पातळ्यांचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेली सॅम्पल, चालवतो. त्यांचे आकडे मर्यादेत आले नाहीत तर रिपोर्ट सुटत नाही. बाहेरून येणाऱ्या गुणवत्ता तपासणीच्या सॅम्पलमध्येही आमचा आकडा आमच्याच पद्धतीचं मशीन वापरणाऱ्या लॅबशी ताडून बघतात, सरसकट सगळ्यांशी नाही. याचं कारण सीए-१२५ मध्येच आहे. हे साखरेने लगडलेलं खूप मोठं प्रोटीन. प्रत्येक कंपनीच्या किटमधली अँटीबॉडी त्याला आपापल्या जागी चिकटते, आणि 'एक युनिट' म्हणजे किती, याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण अजून ठरलेलं नाही. थोडक्यात, प्रत्येक कंपनीची वाटी वेगळी. म्हणून तेच रक्त एका मशीनवर २६ आणि दुसऱ्यावर ३८ दाखवू शकतं, आणि दोन्ही मशीन ठणठणीत असतात. ठराविक आकड्याने गुणून मेळ घालता येईल म्हणावं, तर हा फरक प्रत्येक पेशंटमध्ये सारखा नसतो.

तुमच्या जुन्या लॅबचे दोनच आकडे शेजारी ठेवा: २४ आणि २६. एवढा चढउतार रोग नसतानाही होतो. नॉर्मलला आलेला मार्कर, म्हणजे हा सीए-१२५, वरच्या मर्यादेच्या, म्हणजे ३५ च्या, दुप्पट झाला आणि निदान आठवड्याच्या अंतराने पुन्हा तसाच आला, तर तो रोग परतल्याचा इशारा धरतात. ७० कुठे आणि ३८ कुठे! आमच्या रिपोर्टवर ठळक अक्षर उमटलं ते ३५ ओलांडल्यामुळे. कॉम्प्युटरला आधीचे आकडे माहीत नव्हते. आमच्या फॉर्मवर 'आधीचा रिपोर्ट व लॅब' असा रकाना आहे, सर. तो भरलेला असता तर फोन आमच्याकडूनच गेला असता. पद्धतीचं नाव आणि 'दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी तुलना करू नये' ही ओळ रिपोर्टच्या तळाशी असते. अक्षर बारीक आहे, हे मान्य.

आता पैशाचं. टेस्ट नको म्हणून सांगितलं की बुडतात ते आमचेच पैसे. आईंच्या बाबतीत ही टेस्ट कामाची आहे, कारण रोग माहीत आहे, मार्कर आधी ६८० होता आणि उपचारांनी उतरला. त्यांची तुलना त्यांच्याच आधीच्या आकड्यांशी होते. काही त्रास नसलेल्या बाईची गोष्ट वेगळी. पाळी, एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, गर्भारपण, आपल्याकडे पोटाचा टीबीसुद्धा, यातल्या कशानेही आकडा चढतो. उलट पहिल्या टप्प्यातल्या ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये जवळजवळ निम्म्या जणींचा नॉर्मल येतो. समजा १०,००० बायकांमध्ये ४ जणींना हा कॅन्सर आहे आणि टेस्ट निरोगी बायकांमध्ये ९९ टक्के बरोबर आहे. तरी १०० जणी उगाच सोनोग्राफी आणि ऑपरेशनच्या चक्रात अडकतील. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला, आणि या तपासणीने ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. काउंटरवरची ताई 'काही त्रास आहे का, डॉक्टरांनी लिहून दिलीय का' एवढंच विचारत होती. तिला तसं शिकवलंय. पोट सतत फुगणं, थोडं खाऊनच पोट भरणं असं काही असेल तर मात्र थांबू नका, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आईंची टेस्ट यापुढे एकाच लॅबमध्ये करा. जुनीच ठेवलीत तरी आमची हरकत नाही. लॅब बदलायचीच असेल तर एकाच दिवशी घेतलेलं रक्त दोन्हीकडे लावून घ्या आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. तिथून पुढे नव्या लॅबचा आकडा नव्या लॅबच्याच आकड्याशी ताडायचा. रिपोर्टवरची ती ओळ मोठी करण्याचं आणि काउंटरवरच्या बोलण्याचंही बघतो आहोत. रेटिंगचा जमल्यास फेरविचार करावा, ही विनंती.