डोसची तारीख चुकली म्हणजे आधीचे डोस फुकट गेले का?

"बाळाच्या लसीची तारीख एकदा चुकली की आधीचे डोस बाद. सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून शंका असेल तर आठवडा-दोन आठवडे आधीच टोचून घ्या. सर्दी असेल तर मात्र महिनाभर तिकडे फिरकू नका. पुढे पाठवा."

आमच्या दवाखान्याने लसीकरणाची आठवण म्हणून पाच स्लाइड्स केल्या. त्यांतला तक्ता कापून त्याखाली कुणीतरी हा मजकूर चिकटवला आहे. तक्ता मीच केला होता आणि थोडी चूक त्याचीही आहे, हे आधी कबूल करते. त्यावर फक्त वयं लिहिली होती: जन्मतः, ६ आठवडे, १० आठवडे, १४ आठवडे, ९ महिने. ही वयं "या वयापासून देता येतं" अशी वाचायची असतात, पण लोक ती गाडीच्या वेळेसारखी वाचतात. गाडी चुकली की तिकीट वाया!

पहिलं वाक्य घेऊ. ६, १० आणि १४ आठवड्यांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस असते, बहुधा आणखी काही लसींसोबत एकाच सुईत. पहिल्या डोसनंतर शरीर त्या जंतूची ओळख पटवणाऱ्या पेशी तयार करतं. त्यातल्या काही स्मृतिपेशी बनून मागे राहतात. दुसरा डोस त्यांना जागं करतो आणि प्रतिसाद पहिल्यापेक्षा वेगाने, जोरात येतो. या पेशी चार आठवड्यांनी मरून जात नाहीत. दुसरा डोस चार महिन्यांनी मिळाला तरी त्या त्याला ओळखतात. म्हणून लहान मुलांच्या नेहमीच्या तक्त्यातल्या लसींचा नियम असा: मध्ये कितीही खंड पडला तरी जिथे थांबलो तिथून पुढे जायचं.

उदाहरण मांडूनच पाहू. बाळाचा जन्म १ जानेवारीचा, वर्ष लीप नाही. पहिला डोस वेळेवर, म्हणजे १२ फेब्रुवारीला झाला. दुसरा १२ मार्चला आणि तिसरा ९ एप्रिलला यायला हवा होता. पण घरात आजारपण आलं, गाव बदललं, आणि आई थेट २० जूनला बाळाला घेऊन आली. बाळ आता साडेपाच महिन्यांचं आहे. त्या दिवशी दुसरा डोस द्यायचा. तिसरा त्यानंतर किमान २८ दिवसांनी, म्हणजे १८ जुलैला किंवा त्यानंतर. पहिला डोस पुन्हा द्यायचा नाही.

गोवराच्या लसीची तारीख मात्र या सगळ्यामुळे एक दिवसही हलत नाही. ती वयावरून ठरते, आधीच्या डोसवरून नाही. बाळाला ९ महिने १ ऑक्टोबरला पूर्ण होतात, म्हणजे ती तेव्हाच द्यायची. सगळंच दोन-तीन महिने पुढे सरकलं असं धरून लोक इथेच चुकतात. तक्त्यात दोन जातीच्या तारखा मिसळलेल्या असतात. काही जन्मापासून मोजायच्या, काही मागच्या डोसपासून. माझ्या तक्त्यात हा फरक दिसतच नव्हता.

मग उशिराने काहीच बिघडत नाही का? बिघडतं, पण वेगळ्या जागी. १२ मार्चपासून २० जूनपर्यंत ते बाळ एकाच डोसवर होतं, आणि एका डोसचं संरक्षण अर्धवट असतं. डांग्या खोकला सगळ्यात घातक ठरतो तो याच वयात, पहिल्या सहा महिन्यांत. मोठ्या मुलाला आठवडेच्या आठवडे खोकला येतो, तान्ह्या बाळाचा श्वासच थांबू शकतो. म्हणजे गेलेला डोस परत मिळतो, गेलेले ते तीन महिने मिळत नाहीत.

दोन ठिकाणी उशीर खरोखर दार बंद करतो. कावीळ ब ची जन्मतःची लस पहिल्या २४ तासांत देण्याचा मुख्य हेतू आईकडून बाळाला होणारा संसर्ग अडवणं हा असतो. ती लस नंतरही देतात, पण तो हेतू बराचसा हुकलेला असतो. दुसरी रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस. तिला बहुतेक तक्त्यांत वयाची वरची मर्यादा आहे. कारण ठरावीक वयानंतर लहान मुलांत आतड्यात आतडं सरकून अडकण्याचा त्रास मुळातच जास्त दिसतो, आणि त्या वयात पहिला डोस देण्याची जोखीम नको असते. ही मर्यादा देशागणिक आणि लसीगणिक वेगळी आहे. साडेपाच महिन्यांच्या बाळाला ती द्यायची की नाही, हे डॉक्टरच सांगतील.

उलटा प्रकारही आहे. काही लसी उशिरा सुरू केल्या तर डोस कमीच लागतात, कारण मोठ्या बाळाची प्रतिकारशक्ती जास्त तयार असते.

"आधीच टोचून घ्या" हा सल्ला यातला सगळ्यात महागडा. दुसरा डोस फार लवकर दिला तर पहिल्याचं काम अजून चालूच असतं, स्मृतिपेशींची निवड पुरी झालेली नसते आणि प्रतिसाद फिका पडतो. समजा पहिला डोस १२ फेब्रुवारीला झाला आणि दुसरा घाईने २ मार्चला, १८व्याच दिवशी दिला. तो मोजला जात नाही. पुन्हा द्यावा लागतो, तोही २ मार्चपासून २८ दिवस मोजून, म्हणजे ३० मार्चला. तिसरा मग २७ एप्रिलला. घाई केली नसती तर तो ९ एप्रिललाच झाला असता. दोन-चार दिवस अलीकडे झालेला डोस बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात, पण ती सवलत डॉक्टरांनी द्यायची असते. गोवराचं कारण आणखी वेगळं. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात असतात आणि ती लसीतला दुबळा केलेला विषाणूच निकामी करतात. साथीत सहाव्या महिन्याला गोवराची लस देतात तेव्हाही ती जादा धरतात, ठरलेले डोस पुढे द्यावेच लागतात.

सर्दीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नाक वाहणं, हलका ताप, अँटिबायोटिक चालू असणं, यांपैकी कशानेही लस थांबत नाही. खूप ताप असेल किंवा बाळ मलूल पडलं असेल तर बरं होईपर्यंत थांबतात. "महिनाभर" हा आकडा कुठून आला, देव जाणे. आधीच्या डोसनंतर जोरदार ॲलर्जी आली असेल, तर मात्र पुढची सुई देण्याआधी ते सांगायलाच हवं.

"पहिल्यापासून" ही अफवा कुठून निघाली असेल, याचा मला अंदाज आहे. कार्ड हरवलं आणि कुठेच नोंद सापडली नाही, तर डॉक्टर डोस झालाच नाही असं धरून तो पुन्हा देतात. शेजारणीने ते पाहिलं असणार. तिथे डोसची मुदत संपलेली नसते, पुरावा हरवलेला असतो. बहुतेक लसींचा एखादा जादा डोस घातक नसतो. धनुर्वाताचे डोस वारंवार झाले तर हात चांगलाच सुजू शकतो, म्हणून कार्डाचा फोटो काढून ठेवलेला बरा.

तक्त्याची स्लाइड मी बदलली आहे. वयांच्या मथळ्यावर आता "या वयापासून" असं लिहिलंय, डोसांच्या मधल्या बाणावर "किमान २८ दिवस", आणि खाली एक ओळ: "तारीख चुकली? कार्ड घेऊन या. पुढची तारीख डॉक्टर कार्डावर लिहून देतील. तीच धरा, ही नाही."