नफा पहिल्या महिन्यापासून, तरी दुसऱ्या महिन्यात खातं उणे

“बिझनेस प्लॅन वाचताना नफा-तोट्याचं पान बघितलं की पुरे. पहिल्या महिन्यापासून नफा दिसतोय ना, मग पैशाची काळजी नाही. ताळेबंद आणि कॅश फ्लो वर्षअखेरीस सीए करून देतातच.”

असं पुष्कळांना वाटतं. आधी नफ्याचं बघू. भोसरीत शेतीपंपाचे मोबाइल स्टार्टर बनवणारी एक कंपनी कल्पून घ्या. भांडवल 30 लाख. टेस्टिंगची मशिनरी 6 लाखांची, पाच वर्षं चालेल अशी. म्हणजे घसारा महिन्याला 10 हजार. दरमहा 500 नग, 2,000 रुपयांनी, डीलरला 60 दिवसांच्या उधारीवर. विक्री झाली 10 लाख. त्यातून सुटे भाग 6 लाख, पगार-भाडं अडीच लाख आणि घसारा वजा केला की महिन्याचा नफा 1.40 लाख, तिमाहीचा 4.20 लाख. या पानावर चूक काहीच नाही. माल डीलरकडे गेला की विक्री धरायची, पैसे कधी का येईनात, हाच इथला नियम आहे.

आता तीच तिमाही बँकेच्या बाजूने बघा. पहिल्या महिन्यात मशिनरीचे 6 लाख गेले, पगार-भाड्याचे अडीच लाख गेले आणि सुट्या भागांचे 12 लाख गेले, कारण एक महिन्याचा साठा हाताशी ठेवावाच लागतो आणि नव्या कंपनीला पुरवठादार उधार देत नाही. उरले साडेनऊ लाख. दुसऱ्या महिन्यात आणखी साडेआठ लाख खर्च झाले, आलं काहीच नाही. शिल्लक 1 लाख.

ही शिल्लकसुद्धा खरी नाही, कारण आतापर्यंत जीएसटी धरलेलाच नाही. नफा-तोट्यात तो दिसत नाही, पण बँकेतून जातो. मशिनरी आणि सुट्या भागांवर 18 टक्के धरले तर दोन महिन्यांत 4.32 लाख जादा भरावे लागतात. ते पुढे विक्रीवरच्या जीएसटीतून क्रेडिट म्हणून वळते होतील, पण दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस खातं 3.32 लाखांनी उणे असेल. नफ्याचं पान मात्र तेव्हाही 2.80 लाख नफाच सांगत असतं. (कर्ज घेतलं तर हप्त्याचंही असंच: व्याज नफा-तोट्यात दिसतं, मुद्दल दिसत नाही.)

ताळेबंदाचं काम इथेच सुरू होतं. “नफा झाला, मग पैसे कुठे आहेत?” याचं उत्तर त्यातच सापडतं. सोपं जावं म्हणून जीएसटी पुन्हा बाजूला ठेवू. तिसऱ्या महिन्यात पहिल्या महिन्याची वसुली वेळेवर आली तर बँकेत 2.50 लाख, डीलरकडे येणं 20 लाख, साठा 6 लाख, घसारा जाऊन मशिनरी 5.70 लाख. बेरीज 34.20 लाख. दुसऱ्या बाजूला भांडवल 30 आणि नफा 4.20, तेही 34.20. म्हणजे नफा आहेच, पण तो आणि भांडवलाचा मोठा भाग डीलरच्या उधारीत अडकलाय. डीलरने एक महिना उशीर केला तर येणं 30 लाख होतं आणि बँक साडेसात लाखांनी उणे. नफा तोच, 4.20 लाख.

कॅश फ्लो हा या दोन पानांमधला हिशेब. त्याची सुरुवात नफ्यापासून करायची. घसारा परत मिळवायचा, कारण त्यात पैसे गेलेले नसतात: साडेचार लाख. येणं वाढलं 20 आणि साठा वाढला 6, ते वजा करायचे: व्यवसायातून उणे 21.50. मशिनरीचे उणे 6. भांडवलाचे अधिक 30. शिल्लक 2.50, बँकेशी जुळते. यातली व्यवसायाची रक्कम सर्वांत जास्त बोलते: धंद्याने तीन महिन्यांत साडेएकवीस लाख गिळले, आणि ते भागवले भागधारकांच्या भांडवलाने. वाढीच्या काळात हे व्हायचंच. मात्र विक्री महिन्याला 500 वरून 1,000 नगांवर नेली तर नफ्याबरोबर ही भूकही वाढते, म्हणून “विक्री वाढली की पैसा येईल” हे अशा कंपनीत आधी उलटंच ठरतं.

राहिला सीएचा मुद्दा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 2(40) प्रमाणे छोट्या कंपनीच्या आर्थिक विवरणपत्रांत कॅश फ्लो नसला तरी चालतो. मागितल्याशिवाय तो मिळेलच असं नाही. आणि वर्षअखेरीस मिळणारा हिशेब होऊन गेलेल्या वर्षाचा असतो. प्लॅनला पुढचे बारा ते अठरा महिने, महिन्यागणिक लागतात.

प्लॅनची शीट हातात आली की आधी कॅश फ्लोची शेवटची शिल्लक आणि ताळेबंदातली बँक जुळते का ते बघा. मग वसुलीचे दिवस 60 चे 90 करा. नफा हलता कामा नये, बँक खाली जायला हवी. बँकही जागची हलली नाही तर वसुलीचे दिवस कुठल्याच सूत्राला जोडलेले नाहीत, आणि कॅश फ्लोमधले आकडे हाताने टाकलेले आहेत. मग सर्वांत कमी शिल्लक कोणत्या महिन्यात आणि किती, ते शोधा. जीएसटी धरून ती उणे असेल, तर तेवढे पैसे अधिक एका महिन्याचा पगार-भाडं, इतकी सोय त्या महिन्याच्या आधी झालेली असायला हवी.