१२० वॉटचे ६० वॉट होत नाहीत: दोन सेलच्या बॅटरीबद्दलच्या मेसेजला उत्तर

*"सावधान!! १२० वॉट चार्जिंगवाला फोन घेऊ नका. आत एक नाही, दोन बॅटऱ्या असतात. प्रत्येकीला अर्धीच पॉवर जाते, म्हणजे खरं चार्जिंग ६० वॉटचं. लिहितात ४५०० एमएएच, पण आत २२५० च्या दोन सिरीजमध्ये, म्हणजे खरे २२५० च! डबल व्होल्टेजमुळे डबल गरम होतो आणि सहा महिन्यांत बॅटरी संपते. जनहितार्थ पुढे पाठवा."*

नाना, हा मेसेज तुम्ही काळजीपोटीच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलात, ते मला माहीत आहे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने त्यापायी ठरवलेला फोन रद्द केला, म्हणून चार ओळी लिहितो. दादरला माझं रिपेअरिंगचं काउंटर आहे आणि असे फोन माझ्याकडे उघडायला येतात. मेसेज लिहिणाऱ्याला सिरीज हा शब्द माहीत आहे, एवढं मात्र मानायला हवं. अर्धवट माहिती असल्यामुळेच तो इतका पटतो.

पॉवरच्या हिशोबापासून सुरुवात करू. प्रत्येक सेलला ६० वॉट जातात, हे बरोबर. पण दोन्ही सेल एकाच वेळी भरत असतात, म्हणून आत एकूण १२० च जातात. घराचा हप्ता दोघा भावांनी अर्धा-अर्धा भरला, तर बँकेत अर्धाच जमा होतो का? शिवाय सिरीजमध्ये करंट वाटला जात नाही. एकाच दोरीत ओवल्यासारखे दोन सेल असतात आणि तोच करंट दोघांतून जातो. वाटलं जातं ते व्होल्टेज. करंट वाटला जातो तो पॅरलल जोडणीत. घडी पडणाऱ्या काही फोनमध्ये दोन बाजूंना दोन सेल तसे जोडतात, पण ते जागेच्या सोयीसाठी, वॉट वाढवण्यासाठी नाही.

आता खरा प्रश्न: कंपन्या बॅटरीचे दोन तुकडे करतात कशाला?

लिथियमचा एक सेल भरताना जेमतेम साडेतीन ते साडेचार व्होल्टच्या मध्ये असतो. ती त्याची रसायनशास्त्राने घातलेली मर्यादा आहे, कोणत्याही चार्जरने ती वाढत नाही. व्होल्ट वाढवता येत नाहीत म्हटल्यावर वॉट वाढवायला एकच वाट उरते: करंट वाढवा. ओप्पोचं सुरुवातीचं व्हूक चार्जिंग पाच व्होल्ट आणि चार अँपिअरच्या आसपास चालायचं, म्हणजे २० वॉट. त्यापुढे त्याच वाटेने गेलं की केबल जाड, पिना जाड, सगळंच जाड करत बसावं लागतं. २०१८ मध्ये त्याच कंपनीने फाइंड एक्सच्या लॅम्बोर्गिनी आवृत्तीत १७०० एमएएचचे दोन सेल सिरीजमध्ये बसवले आणि १० व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे ५० वॉटचं चार्जिंग दिलं. करंट जवळजवळ तेवढाच, पॉवर अडीचपट.

मेसेजमधल्यासारखाच, ४५०० एमएएच आणि १२० वॉटचा फोन घेऊ. चार्जरमधून २० व्होल्ट आणि ६ अँपिअर निघाले. केबलमधून तेच आले. फोनच्या आत चार्ज पंप नावाची चिप असते. ती छोटे कपॅसिटर आधी सिरीजमध्ये भरते, मग पॅरललमध्ये रिकामे करते, आणि हे सेकंदाला लाखो वेळा. परिणाम असा, की व्होल्टेज निम्मं होतं आणि करंट दुप्पट. वाटेत दोन-तीन टक्केच वाया जातात. २० चे १० व्होल्ट झाले, ६ चे १२ अँपिअर. पॅक दोन सेलचा असल्यामुळे हे व्होल्टेज त्याला जवळपास चालतं, आणि चार्जर फोनशी बोलून ते क्षणाक्षणाला थोडं खालीवर करत राहतो. पॅक एकाच सेलचा असता तर व्होल्टेज आणखी एकदा निम्मं करावं लागलं असतं. मग बॅटरीच्या कनेक्टरवर येतात २४ अँपिअर. घरातल्या गिझरचा प्लगसुद्धा १६ अँपिअरचा असतो, आणि इथे कनेक्टर तांदळाच्या दाण्याएवढा.

उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. कनेक्टर, पॅकची पट्टी आणि संरक्षक सर्किट मिळून रोध पाच मिलिओहम धरू. हा आकडा समजण्यापुरता, फोनप्रमाणे बदलेल. १२ अँपिअरला तिथे पाऊण वॉटपेक्षा थोडी कमी उष्णता होते, २४ ला जवळजवळ तीन वॉट. इतक्याशा जागेत तीन वॉट म्हणजे प्लास्टिक मऊ पडण्याची तयारी. म्हणजे डबल व्होल्टेजने या भागातली उष्णता दुप्पट झाली नाही, ती चौथाईवर आली.

आपल्या लोकलचंच पाहा ना. मुंबईची ओव्हरहेड वायर पूर्वी १५०० व्होल्ट डीसीची होती, ती २५,००० व्होल्ट एसीची केली. हार्बरचं काम २०१६ मध्ये संपलं. गाडी ओढायला लागणारी पॉवर काही कमी झाली नाही, पण तीच पॉवर कितीतरी कमी करंटमध्ये जाऊ लागली आणि वायरमधला तोटा घटला. फोनवाल्यांनी तेच केलं, फक्त बोटाएवढ्या जागेत.

मात्र कंपनीची जाहिरात मान्य करायला मी बसलेलो नाही. सेलचे दोन तुकडे केले म्हणून सेलच्या *आतली* उष्णता कमी होत नाही. ४५०० च्या सेलला २४ अँपिअर आणि २२५० च्या सेलला १२ अँपिअर, हा भार दोघांवर सारखाच: क्षमतेच्या सव्वापाच पट. अर्धा सेल म्हणजे आतला रोध दुप्पट, करंट निम्मा. एका सेलमध्ये उष्णता अर्धी, आणि असे सेल दोन. हिशोब जिथल्या तिथे. सेलने एवढा करंट सहन करणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी पातळ थरांचे इलेक्ट्रोड लागतात आणि करंट आत-बाहेर जायला एकाऐवजी अनेक पट्ट्या काढाव्या लागतात. दोन सेलची जोडणी सेलच्या *बाहेरची* अडचण सोडवते. आणि ती एकमेव वाटही नाही. शाओमी १२ प्रोने एकाच सेलवर १२० वॉट दिले, त्यासाठी वेगळी चार्जिंग चिप बसवून.

आता एमएएच. सिरीजमध्ये एमएएच बेरजेने वाढत नाहीत, हे मेसेजवाल्याचं बरोबर. पण त्याने व्होल्ट सोडून दिले. २२५० एमएएच गुणिले ७.७४ व्होल्ट आणि ४५०० एमएएच गुणिले ३.८७ व्होल्ट, दोन्हीचं उत्तर १७.४ वॉट-अवर. टाकीत पाणी तेवढंच. म्हणून बॅटरीच्या लेबलवर Wh या अक्षरांपुढचा आकडा बघावा, दोन फोनची तुलना त्यानेच होते.

तोच आकडा घेऊन आणखी एक हिशोब करून बघा, हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १७.४ वॉट-अवरची बॅटरी सलग १२० वॉटने भरली तर नऊ मिनिटांच्या आत भरायला हवी. २०२२ च्या जानेवारीत भारतात आलेल्या शाओमी ११आय हायपरचार्जचा दावा होता १५ मिनिटांचा, आणि तोसुद्धा सेटिंगमधला बूस्ट मोड चालू असताना. म्हणजे सरासरी ७० वॉट. १२० हा सुरुवातीच्या काही मिनिटांचा शिखराचा आकडा आहे. सेल वरच्या व्होल्टेजला टेकला की करंट उतरवावाच लागतो, आणि फोन तापला तर त्याआधीच. मे महिन्यात खिडकीतल्या उन्हात फोन ठेवून चार्ज केलात तर ते १५ मिनिटांचं गणित विसरा. फसवणूक म्हणायचीच असेल तर इथे म्हणा, दोन सेलमध्ये नव्हे. आणि फोर्टच्या फूटपाथवरच्या चार्जरवर १२० छापलेलं असतं, त्याचं तर बोलायलाच नको. फोनशी त्याची भाषा जुळली नाही की चार्जिंग साध्या वेगावर येतं.

सहा महिन्यांबद्दल: कंपन्या ८०० चार्जनंतर ८० टक्के क्षमता उरेल असे दावे करतात, काही १६०० चेही. प्रयोगशाळेतले आहेत, म्हणून मी त्यातून थोडं वजा करतो. पण रोज एक पूर्ण चार्ज धरला तरी ८०० म्हणजे दोन वर्षांच्या पुढे.

तोटे आहेतच, फक्त मेसेजमध्ये नाहीत ते. दोन सेलना दोन आवरणं, दोन संच पट्ट्या, मध्ये फट. तेवढ्या जागेत एकच सेल बसवला असता तर क्षमता थोडी जास्त मिळाली असती. फोनच्या चिपला चारच्या आसपास व्होल्ट लागतात, म्हणून वापरताना पॅकचे व्होल्ट पुन्हा निम्मे करावे लागतात, तिथे दोन-तीन टक्के रोज जातात. आणि सर्वांत मोठं: सिरीजमध्ये दुबळा सेल मालक असतो. तो आधी भरला की चार्जिंग थांबतं, तो आधी रिकामा झाला की फोन बंद.

गेल्या पावसाळ्यात माटुंग्याचे एक गृहस्थ असाच फोन घेऊन आले. १५-२० टक्के दाखवत असतानाच बंद पडायचा, चार्जरला लावला की चालू. पॅक काढून मोजला. टोकाटोकाला ७.३८ व्होल्ट, म्हणजे सरासरीने प्रत्येकी ३.६९, ठीकच दिसतं. दोन सेल जोडणाऱ्या मधल्या पट्टीवर प्रोब लावला तेव्हा एक सेल ३.८२ निघाला आणि दुसरा ३.५६. निवांत पडलेल्या निरोगी पॅकमध्ये दोघांत फार तर काही मिलिव्होल्टचा फरक सापडतो, इथे २६० होता. कॅमेरा उघडला की ३.५६ वाला कोसळायचा आणि संरक्षक सर्किट सगळंच तोडायचं. नीट पाहिलं तर एका सेलची पट्टी नंतर जोडलेली होती. बाहेर कुठेतरी, पैसे वाचवायला, फुगलेला एकच सेल बदलून दुसरा जुनाच ठेवला होता. मी दोन्ही सेलचा पूर्ण पॅक बसवला, आणि जुना पॅक टेप लावून त्यांच्याच हातात परत दिला, मधली पट्टी दाखवून.