गेम सुरू होताच बंद पडतो तेव्हा

"गेम उघडताच बंद पडतोय? सरळ क्लिअर डेटा मारा. इन्स्टॉल झालाय म्हणजे जागा पुरेशी आहेच. तरी नाही चाललं तर अँड्रॉइड जुना झालाय, फोन बदला."

असा सल्ला सर्रास ऐकू येतो, पण तो फसवा आहे. आधी जागेचं बघू, कारण खरा घोळ तिथेच होतो. बऱ्याच मोठ्या गेमचा प्ले स्टोअरवरून फक्त सांगाडा उतरतो. नकाशे, आवाज, चित्रं गेम पहिल्यांदा उघडल्यावर येतात, आणि तीही अनेकदा झिप फाइलमधून. समजा फोनमध्ये १.२ जीबी जागा उरली आहे. झिप आहे ६०० एमबीची, आणि ती उलगडल्यावर होतात ९०० एमबी. झिप पुसली जाईपर्यंत दोन्ही एकत्र मावायला हवीत, म्हणजे दीड जीबी झाले. मध्येच जागा संपते, फाइल अर्धवट लिहिली जाते आणि गेम कोसळतो. मग तुम्ही व्हिडिओ उडवून दोन जीबी मोकळे करता, तरी तो कोसळतोच! अर्धवट फाइल तिथेच पडलेली असते आणि गेम ती पूर्ण आहे असं धरून वाचायला जातो. नीट बांधलेला गेम आधी फाइल तपासतो, पण सगळे तेवढे कष्ट घेत नाहीत.

लोडिंगची पट्टी दर वेळी त्याच जागी येऊन गेम बंद पडत असेल, तर संशय इथेच घ्यावा. यूएसबी डीबगिंग चालू करून फोन adb असलेल्या कॉम्प्युटरला जोडता येत असेल, तर गेम पडल्यावर लगेच कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
adb logcat -d -b crash
```

त्यात `ENOSPC` किंवा `No space left on device` दिसलं, तर शंका उरत नाही.

आता 'क्लिअर डेटा'. ॲपच्या स्टोरेज पानावर दोन बटणं असतात. क्लिअर कॅशेने फक्त तात्पुरत्या फाइली जातात. त्यात धोका नाही, पण ती अर्धवट फाइल सहसा कॅशेत नसतेच, त्यामुळे उपयोगही होत नाही. क्लिअर डेटाने (काही फोनवर क्लिअर स्टोरेज) ती जाते खरी, पण गेस्ट म्हणून खेळत असाल तर फोनवरच साठलेली सगळी प्रगतीही जाते. गेममध्ये रिपेअरचा पर्याय असेल तर आधी तो वापरा. कुठल्याही परिस्थितीत जागा आधी मोकळी करा आणि डेटा नंतर पुसा. उलट केलंत तर नवं डाउनलोड पुन्हा तिथेच अडकेल.

राहिला अँड्रॉइड. गेमला लागणाऱ्या किमान आवृत्तीपेक्षा फोनची आवृत्ती खाली असेल, तर प्ले स्टोअर तो इन्स्टॉलच करू देत नाही. बाहेरून आणलेली एपीके फाइलही फोन नाकारतो. जुन्या आवृत्तीवर एखादा गेम अडखळू शकतो, पण तेवढ्यावर फोन बदलायचा? मार्च २०२१मध्ये जगभर कितीतरी ॲप उघडताच बंद पडत होती, नव्या फोनवरसुद्धा. दोष होता ॲपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यूच्या एका अपडेटमध्ये. प्ले स्टोअरवरून वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट केल्यावर ती पुन्हा चालू लागली.