सावकाराचे तीन आणि बँकेचे सात: एक लाखाचा तारीखवार हिशोब

“सावकार शेकडा तीन घेतो, बँक सात. वर कागदपत्रांचा खर्च आणि हेलपाटे. सावकार माल विकल्यावर पैसे मागतो, बँकेला 31 मार्चलाच पाहिजेत. आणि मार्चला बँक भरायला शेवटी सावकाराकडंच जावं लागतं. मग मधली बँक कशाला? पटलं तर पुढं पाठवा.”

असा एक मेसेज फिरतोय. पटलं नाही, म्हणून पुढं न पाठवता हिशोब मांडतोय.

शेकडा तीन हे महिन्याचे असतात आणि बँकेचे सात वर्षाचे. म्हणजे सामना 36 आणि 7 यांचा आहे. त्यातही पीक कर्ज वेळेत भरलं तर केंद्राची तीन टक्के सूट मिळून ते चारवर येतं, आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत उरलेलं व्याजही राज्य भरतं. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यावर येते. तिला उशीर होतो, ही तक्रार रास्त आहे.

उदाहरण कांद्याचं घेऊ, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त गळ्याशी येणारं पीक तेच. 1 सप्टेंबरला लागवडीसाठी एक लाख उचलले, 31 जानेवारीपर्यंत सगळा माल सोलापूरच्या मार्केट यार्डात विकला. सावकाराचं पाच महिन्यांचं व्याज झालं 15,000. बँकेचं सात टक्क्यांनी होतं 2,917, तेही सवलत न धरता. आता कागदपत्रं धरा. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे बेबाकी दाखले, झेरॉक्स, तालुक्याला चार खेपा, बुडालेली मजुरी. सगळं मिळून 2,000 लावा. दोन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला जमीन तारण द्यावी लागत नाही, त्यामुळं गहाणखताचा खर्च इथं येत नाही. तरी बँक पाच हजारांच्या आत राहते.

सावकाराचेही कागद असतात, फक्त ते मेसेजमध्ये दिसत नाहीत. कोरा चेक असतो, सही केलेला कोरा स्टॅम्प असतो, रक्कम मोठी असेल तर चक्क खरेदीखत असतं. काहीजण पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून 97,000 हातावर ठेवतात आणि चिठ्ठीवर एक लाख लिहितात. पावती मागितली तर “विश्वास नाही का?” असं ऐकावं लागतं.

“माल विकल्यावर” हे शब्द ऐकायला गोड आहेत, पण तेवढ्यावर थांबू नका. माल विकला आणि पैसेच झाले नाहीत तर काय? फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांद्याचे हमाली, तोलाई, भाडं वजा जाता दोन रुपये मिळाले होते. एवढं वाईट नको धरूया. पट्ट्यांची बेरीज करून, घरखर्च काढून 31 जानेवारीला 60,000 भरता आले असं समजू.

सावकाराचं देणं त्या दिवशी 1,15,000 आहे. साठ गेले, 55,000 उरले. या पंचावन्नात 15,000 व्याजाचे आहेत, पण पुढचं व्याज पूर्ण पंचावन्नावर चढतं. महिन्याला 1,650. सप्टेंबरअखेर आठ महिने झाले की आकडा 68,200 होतो. एक लाख घेतले, साठ हजार भरले, आणि तेरा महिन्यांत पुन्हा अडुसष्ट हजार देणं.

बँकेत तेच 60,000 जानेवारीत कर्जखात्यावर भरले, तर मुद्दल 40,000 राहतं. खरीप कर्जाची मुदत 31 मार्च, रब्बीची 30 जून. आपल्या खात्याची तारीख शाखेत विचारून लिहून ठेवावी. समजा ही तारीख चुकली. सवलतीचा दर गेला आणि बँकेचा नेहमीचा दर लागला. तो 11 टक्के धरू. जानेवारीपर्यंतचं व्याज 2,917, पुढच्या दोन महिन्यांचं 467, आणि एप्रिल ते सप्टेंबर 2,200. एकूण देणं साधारण 45,600. वरून थोडा दंड लागला तरी सावकारापेक्षा वीस-बावीस हजारांनी कमी. म्हणजे बँक बुडवूनसुद्धा स्वस्त पडते. तोटा वेगळा आहे: खातं थकीत झालं की पुढचं कर्ज मिळत नाही, आणि तिथून माणूस सावकाराच्या दारात जातो. शासनानं दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर केली, तर थकीत नसलेल्या पीक कर्जाचं पुनर्गठन होऊन हप्ते पाडून मिळतात. चिठ्ठीला ती सोय नाही.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा मात्र खोटा नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, पैसे फिरवणारे सावकार प्रत्येक गावात आहेत. आठ दिवसांसाठी घेतले तरी पूर्ण महिन्याचे शेकडा तीन कापतात. पूर्ण लाख फिरवला तर 3,000 गेले. नवीन कर्ज मंजूर व्हायला मेअखेर झाली तर 9,000, आणि वेळेत भरण्याची सगळी सवलत पाण्यात.

पण लाख फिरवायची वेळ येते, कारण पट्टीचे पैसे आल्यावर कर्जखात्याकडं कोणी वळत नाही. किसान क्रेडिट कार्ड हे फिरतं खातं आहे. जानेवारीत साठ भरले की त्या दिवसापासून त्यांचं व्याज थांबतं, आणि मार्चमध्ये चाळीसचीच जुळवाजुळव राहते. तूर किंवा ज्वारीचे काही आले तर त्याहून कमी. अगदीच चाळीस फिरवावे लागले तरी 1,200 जातात. मर्यादा पाच वर्षांसाठी मंजूर असते, दरवर्षी फक्त आढावा असतो, म्हणून भरण्याआधी शाखेत एकच गोष्ट पक्की करावी: “भरल्यावर उचल किती दिवसांत मिळेल?” उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे फिरवायच्या भानगडीत न पडता आधी आढाव्याचे कागद पूर्ण करून घ्यावेत.

बँक कुठं कमी पडते तेही सांगतो. बटईनं शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, त्याला शाखा दारात उभं करत नाही. एकरी कर्जदर ठरलेला असतो आणि तो प्रत्यक्ष खर्चाला पुरत नाही. औषधाला परवा पैसे हवेत, तर बँक परवा देत नाही. अशा वेळी सावकार लागलाच, तर परवानाधारक बघा. राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला 9 टक्के आणि बिनतारणी 12 टक्के, यापेक्षा जास्त दर लावता येत नाही. चक्रवाढ चालत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, पावती द्यावीच लागते. वरच्या उदाहरणात हा दर लावून बघा: पाच महिन्यांचे 15,000 नव्हे, 5,000 होतात.

परवाना आहे की नाही, हे तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारता येतं. विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत आधीच करून दिलं असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला तर ते खत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. त्यासाठी व्यवहार 15 वर्षांच्या आतला असावा लागतो. व्याज दिल्याचे ऑनलाइन पेमेंटचे मेसेज, चिठ्ठीचे फोटो, शेत आजही तुम्हीच कसता याचा पीकपाहणीतला पुरावा, हे सगळं त्या अर्जाला जोडायचं असतं.