भगीरथाच्या हातात कुदळ नव्हती

"गंगावतरण ही कथा नसून जगातल्या पहिल्या कालव्याची नोंद आहे. भगीरथ हा अभियंता होता, सगराचे साठ हजार पुत्र म्हणजे खोदकामाचे मजूर आणि शंकराच्या जटा म्हणजे धरण. त्यांनी हिमालयाचं पाणी दुष्काळी मैदानात आणलं. गौतम ऋषींनी त्याच तंत्राने गोदावरी आणली. देवी वगैरे नंतर चिकटवलं."

हा मजकूर मला या वर्षात चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. पाठवणाऱ्यांच्या मनात पूर्वजांविषयी अभिमान आहे, हे मला कळतं. पण यात ज्या कथेचा अभिमान वाटायला हवा, तीच हरवते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कालव्यापासून सुरुवात करू, कारण नदी आणि कालवा ओळखायची एक सोपी खूण आहे. नदी खोऱ्यातल्या सगळ्यात सखल रेषेवरून वाहते. सिंचनाचा कालवा मात्र शक्य तितक्या उंचावरून नेतात. शेतं कालव्यापेक्षा खाली असली, तरच पाणी आपल्या उताराने त्यांच्यात उतरतं. गंगेचं पाणी खरोखर वळवून नेणारा एक मोठा कालवा आहेच. प्रोबी कॉटली या ब्रिटिश अभियंत्याने 1842 मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि 1854 मध्ये त्यात पाणी सोडलं. हरिद्वारला नदीतून निघाल्यावर हा कालवा गंगा आणि यमुना यांच्या मधल्या उंचवट्याने पुढे जातो. वाटेत रुरकीजवळ सोलानी नदी आडवी आली, तर तिच्यावर पूल बांधून त्या पुलावरून कालवा पलीकडे न्यावा लागला. वरच्या भागात तळाला उतार जरा जास्त दिला गेला, तर पाण्याने तळ खरवडायला सुरुवात केली आणि नंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. माणसाने वळवलेलं पाणी अशा खुणा मागे ठेवतं.

गंगेच्या पात्रात यातली एकही खूण नाही. गोमुखापासून देवप्रयागापर्यंत भागीरथी खडकात खोल कापलेल्या दरीच्या तळाशी वाहते. देवप्रयागाला तिला अलकनंदा मिळते आणि मग पुढच्या प्रवाहाला गंगा हे नाव मिळतं. भागीरथी खोदून आणली असं धरलं, तर अलकनंदा कोणी खोदली, हा प्रश्न उरतोच. मैदानात उतरल्यावर नदीखालचा गाळ काही ठिकाणी काही किलोमीटर जाड आहे. बंगालच्या उपसागराच्या तळाशी गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी नेऊन टाकलेल्या गाळाचा पंखा सुमारे 3000 किलोमीटर लांब पसरला आहे. तो साचायला कोट्यवधी वर्षं लागली. तो साचू लागला, तेव्हा माणूस ही जातच पृथ्वीवर नव्हती.

आता मजुरांचं बघू. इथे मूळ कथा उघडून वाचली असती, तर हा मजकूर लिहिलाच गेला नसता. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात सगराचे साठ हजार पुत्र जमीन खणतात, हे खरं आहे. पण ते पाण्यासाठी खणत नाहीत, बापाच्या यज्ञाचा चोरीला गेलेला घोडा शोधण्यासाठी खणतात. खणत खणत ते पाताळात पोचतात, दिशांचे हत्ती बघतात, कपिलमुनींवर धावून जातात आणि तिथेच जळून राख होतात. पुढे त्यांचा पुतण्या अंशुमान, त्याचा मुलगा दिलीप आणि दिलीपाचा मुलगा भगीरथ. म्हणजे भगीरथ तपाला बसला, तेव्हा हे मजूर केव्हाच गेलेले होते. ज्यांच्यासाठी काम चाललंय, त्यांच्याच हाती कुदळ देणं हा या मजकुरातला सगळ्यात मोठा गोंधळ आहे.

त्या राखेपाशी कथेचं मर्म आहे. अंशुमान घोडा शोधत पाताळात जातो, तेव्हा त्याला काकांच्या राखेचे ढीग दिसतात. त्यांना पाणी द्यावं म्हणून तो आजूबाजूला बघतो आणि त्याला कुठेच पाणी मिळत नाही. तेव्हा गरुड त्याला सांगतो की यांना साधं पाणी पुरणार नाही, हिमवानाची थोरली लेक गंगा हिचंच पाणी लागेल. तर्पणाला ओंजळभर पाणी नाही, ही ती अडचण. आपल्या घरात कोणी गेलं की पाणी कोण सोडणार, हा प्रश्न आजही विचारला जातो. पुढच्या पिढ्यांची सगळी धडपड त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. अवतरणाच्या त्या सगळ्या वर्णनात शेतातलं पीक तरारल्याचा प्रसंग मला तरी सापडला नाही.

आणि तरी ही सुपीकतेचीच कथा आहे. हे साठ हजार पुत्र जन्मतात कसे ते आठवा. सगराची राणी सुमती हिच्या पोटी एक तुंबा येतो, तो फुटून त्यातून हे जीव निघतात आणि दाया त्यांना तुपाच्या घड्यांत वाढवतात. तुंबा, बिया, तूप, घडा. बी म्हणून आलेले हे पुत्र शेवटी कोरड्या राखेत संपतात आणि त्या राखेवर पाणी आल्याशिवाय त्यांना पुढची गती नाही. जमिनीत पडलेल्या बियाण्याला पाणी लागतं, तसंच मेलेल्यालाही लागतं, हा विचार यात आहे. कालवा म्हटलं की तो निसटतो.

जटांना धरण म्हणणं वरवर पटण्यासारखं आहे. पाणी अडलं, साठलं, मग सोडलं. पण पाणी सुटल्यावर काय होतं? शंकर गंगेला बिंदुसरोवरात सोडतो आणि तिचे सात प्रवाह होतात. ह्लादिनी, पावनी आणि नलिनी पूर्वेला जातात. सुचक्षु, सीता आणि सिंधू पश्चिमेला. सातवा भगीरथाच्या रथामागे चालू लागतो. एकाला पाणी हवं असताना सहा प्रवाह भलतीकडे सोडणारा अभियंता मी तरी पाहिलेला नाही. शिवाय तिला अडवण्याचं कारण कथेत स्पष्ट दिलंय. तिच्या पडण्याचा भार पृथ्वीला सोसणार नाही, असं ब्रह्मदेव सांगतो. तिला स्वतःलाही वाटतं की आपण शंकराला घेऊनच पाताळात जाऊ. पुढे तीच गंगा जह्नूची यज्ञभूमी बुडवते, तो तिला पिऊन टाकतो आणि कानावाटे बाहेर सोडतो, म्हणून ती जाह्नवी. आई आहे, पण सावरणारा कोणी नसेल तर बुडवूही शकते. पूर पाहिलेल्या माणसांनीच हे रचलं असणार. हल्ली जटा म्हणजे जंगल असंही सांगतात. दृष्टांत म्हणून ते मला आवडतं, पण मूळ कथेत तेही नाही, आणि जो नियम मी धरणाला लावला तोच जंगलालाही लावायला हवा.

गोदावरीच्या बाबतीत मजकूर निदान सत्याच्या जवळून जातो. गौतमाची कथा दुष्काळातली आणि शेतीतलीच आहे. शिवपुराणात पाऊस नाहीसा होतो, गौतम वरुणाची आराधना करतो आणि वरुण त्याला हातभर खड्ड्यात कधी न आटणारं पाणी देतो. त्यावर आश्रमाची शेती पिकते. मग आश्रमातल्या इतरांना मत्सर वाटतो. एक मरतुकडी गाय गौतमाच्या पिकात शिरते, तो तिला गवताच्या काडीने हाकलतो आणि ती तिथेच मरून पडते. गोहत्येचा डाग धुण्यासाठी तो शंकराकडे गंगा मागतो. बारकाईने पाहिलं तर कथेत दोन पाणी आहेत. शेत पिकवणारं पाणी वरुणाच्या खड्ड्यातलं, आणि त्याच शेतात घडलेलं पाप धुणारं पाणी गंगेचं. सिंचनाची सोय गंगा यायच्या आधीच झालेली होती.

जागाही बघा. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी हा पाणलोटाचा माथा आहे. त्याच परिसरात उगम पावून वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, आणि गोदावरी पूर्वेला सुमारे 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वळवून आणायचं तर वळवण्यासारखं पाणी उगमाच्या वर कुठेतरी हवं. इथे वर फक्त आभाळ आहे. पावसाचं पाणी काळ्या खडकाच्या भेगांमधून आत मुरतं, खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्यासारखं बाहेर येतं. म्हणून पाणी डोंगरावर दिसतं, नाहीसं होतं, गंगाद्वारापाशी पुन्हा दिसतं आणि पायथ्याला कुशावर्त कुंडात सापडतं. कथेतही गंगा अशीच दिसते आणि लपते, आणि गौतम शेवटी कुश टाकून तिला थांबवतो. तिथल्या लोकांनी झरा नीट पाहिला होता, एवढं मात्र मी या कथेतून नक्की काढीन.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि मला लागतो तो हाच. देवी नंतरची नाही, ती सगळ्यात आधीची आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्र विपाश् आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, यांच्या काठावर उभा राहून त्यांच्याशी बोलतो. तो नदीला 'मातृतमा' म्हणतो, आयांमधली सर्वांत थोर आई. नद्या त्याला सांगतात की आमचे मार्ग इंद्राने वज्राने खोदले. तो पलीकडे जाऊ द्या म्हणून विनवतो, तेव्हा नदी म्हणते की दुधाने भरलेली बाई बाळाकडे वाकते तशी मी तुझ्यासाठी वाकते. भगीरथाची कथा आपल्याला ज्या रूपात मिळाली, त्याच्या कितीतरी आधीचं हे सूक्त आहे.

ती वाकणारी बाई आपल्याकडे अजून आहे. नाशिकला कोणी गोदावरीवर जातो म्हणत नाही, गंगेवर जातो म्हणतात. पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं, हे एकमेकांना विचारतात. माझी आजी पावसाळ्यात नदी भरली की तिची ओटी भरायची. खण, नारळ, हळदकुंकू आणि ओंजळभर तांदूळ. तांदूळ का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तिनंच दिलेत ना, मग पहिली ओंजळ तिची."