टोपण पार्करचं, निब कोणाची?

चार शाईपेनं बाळगल्याची शिक्षा म्हणून घरच्यांनी मला पेनांचा वैद्य ठरवलं आहे. परवा आत्याने फोटो पाठवला. "आजोबांचं पेन सापडलं. पार्कर आहे ना? किती लाखांचं?"

फोटोत आत्याचा अंगठा इतका स्पष्ट होता की त्यावरून आधार कार्ड निघालं असतं. निब मात्र धुक्यात. "फ्लॅश बंद कर, खिडकीशी जा आणि पेन थोडं तिरकं धर," असं सांगितल्यावर दुसऱ्या फोटोत निबचा आरसा झाला आणि त्यात आत्याचा चष्मा दिसला. तिसऱ्या फोटोत एकदाची अक्षरं उमटली: "IRIDIUM POINT GERMANY".

"जर्मनी!" आत्या फोनवरच ओरडली. मागून काका म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो."

आता यांना कसं सांगायचं की हे कंपनीचं नाव नव्हे? टोकाला कठीण धातूचा मणी आहे, एवढाच त्याचा अर्थ. (त्यात इरिडियम असेलच असंही नाही.) असल्या तयार निबा कितीतरी पेनांत बसवलेल्या असतात. निबवरून पेन ओळखणं म्हणजे चपलेवरून माणूस ओळखणं. देवळाबाहेर तेही धोक्याचं.

"पण क्लिपवर बाण आहे!" आत्याने हुकमाचं पान टाकलं. बाण होता खरा, शेपटाला पिसंसुद्धा. पार्करने 1933 पासून क्लिपवर बाण लावला आणि मग हीरोसारख्या चिनी पेन कंपन्यांनीही तो उचलला. म्हणून मी टोपणाच्या काठाचा फोटो मागितला. काठावर बारीक अक्षरांत चक्क PARKER! मीच घाबरलो.

मग चौथा फोटो नीट पाहिला. निबच्या मागे, पेनाच्या मानेवर, टोपण फिरवून बसवायचे आटे होते. हे टोपण मात्र पार्कर 51 चं दिसत होतं आणि ते नुसतं दाबून बसतं. शिवाय 51 ची निब घुंगटात असते, जेमतेम टोक बाहेर. तिच्यावरची अक्षरं वाचायला पेन उघडावं लागतं.

"आत्या, टोपण लावून दाखव."

बराच वेळ शांतता. "बसत नाहीये रे. सैल आहे. मी रबर लावून ठेवलंय."

म्हणजे टोपण एकाचं, पेन दुसऱ्याचं. मी जरा जपूनच विचारलं, "आजोबांची पेनं आणखी कोणाकडे गेली होती?"

"नागपूरच्या दादाकडे एक आहे. घुंगटवालं. त्याचं टोपण काळं प्लास्टिकचं, ते नेहमी गळून पडतं म्हणून तो वैतागलेला असतो…"

आत्या मध्येच थांबली. मग हळूच म्हणाली, "हे त्याला सांगू नकोस हं."